मराठी अंकांतील पावती, इंग्रजी अंकांतील अर्ज : रक्कम उतरवताना घ्यायची काळजी

तुमच्या घरात एखाद्या पतसंस्थेची ठेव पावती असेल, तर तिच्यावरचे आकडे बहुधा मराठी अंकांत असतील. बँकेचा अर्ज, मोबाईलवरचा फॉर्म किंवा आयकर विवरणपत्र भरताना तेच आकडे आपण रोजच्या 1, 2, 3 या अंकांत लिहितो. महाराष्ट्राबाहेर, म्हणजे इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहणाऱ्या कुटुंबांना तर हे काम वारंवार पडते. समोरच्या कर्मचाऱ्याला मराठी अंक वाचता येतीलच असे नाही, त्यामुळे आकडे उतरवण्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.

दहा अंक, बाकी काही नाही

आकडे उतरवताना फक्त दहा चिन्हे बदलतात :

० = 0, १ = 1, २ = 2, ३ = 3, ४ = 4
५ = 5, ६ = 6, ७ = 7, ८ = 8, ९ = 9

अंकांचा क्रम, स्वल्पविराम, दशांश टिंब, तारखेतील तिरक्या रेघा आणि सुरुवातीची शून्ये जिथे आहेत तिथेच राहतात. उतरवून झाल्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक ठेवले, तर स्वल्पविरामाखाली स्वल्पविराम आणि टिंबाखाली टिंब आले पाहिजे.

चूक होते ती सारख्या दिसणाऱ्या अंकांत. मराठी ५ घाईत 4 सारखा वाटतो, ४ हा 8 सारखा, १ हा 9 सारखा आणि ७ हा 6 सारखा. हाताने लिहिलेल्या पावतीवर ही शक्यता आणखी वाढते. म्हणून अंक नुसता पाहून उतरवू नका, तो मराठीत मोठ्याने म्हणा आणि मग लिहा. तोंडाने ‘पाच’ म्हटल्यावर हात सहसा 4 लिहीत नाही.

एक पावती उतरवून पाहू

समजा, पावतीवर असे लिहिले आहे :

सभासद क्र. ००४१७
ठेव दिनांक ०५/०९/२०२३, मुदत १ वर्ष
ठेव रक्कम रु. १,४५,७५०/-
व्याजदर ७.५ टक्के, सरळव्याज
व्याज रु. १०,९३१.२५
मुदतीनंतर मिळणारी रक्कम रु. १,५६,६८१.२५

उतरवल्यावर हे असे दिसेल :

सभासद क्र. 00417
ठेव दिनांक 05/09/2023, मुदत 1 वर्ष
ठेव रक्कम रु. 1,45,750/-
व्याजदर 7.5 टक्के, सरळव्याज
व्याज रु. 10,931.25
मुदतीनंतर मिळणारी रक्कम रु. 1,56,681.25

आता पडताळणी. ठेव रकमेत व्याज मिळवा : 1,45,750 अधिक 10,931.25 म्हणजे 1,56,681.25. बेरीज जुळली. समजा, दोन्ही ५ चुकून 4 वाचले गेले असते, तर ठेव रक्कम 1,44,740 झाली असती, म्हणजे 1,010 रुपयांनी कमी. नुसत्या नजरेला हा आकडाही खराच वाटतो. पण त्यावर ७.५ टक्क्यांनी वर्षाचे व्याज 10,855.50 येते. पावतीवरचे व्याज वेगळे आहे, म्हणजे कुठेतरी अंक चुकला हे लगेच कळते.

दुसरी पडताळणी अक्षरी रकमेची. पावतीवर ‘अक्षरी रुपये एक लाख पंचेचाळीस हजार सातशे पन्नास फक्त’ असे लिहिलेले असेल, तर तुम्ही उतरवलेला आकडा वाचून तेच शब्द येतात का ते पाहा. धनादेशावर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल, तर पराक्राम्य विलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम धरली जाते. मात्र असा धनादेश बँक न वटवता परतही करू शकते, म्हणून दोन्ही जुळलेले बरे.

स्वल्पविराम, टिंब आणि रेघा

आपल्याकडे स्वल्पविराम उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर आणि पुढे दोन-दोन अंकांनंतर येतो. काही ॲपमध्ये हीच रक्कम 145,750 अशी दिसते. अंक आणि त्यांचा क्रम तोच असल्याने रक्कम बदललेली नाही. ती मराठीत लिहिताना आपल्या पद्धतीने १,४५,७५० अशी लिहा.

मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये पुष्कळदा स्वल्पविराम टाकता येत नाही. तो गाळल्याने बिघडत नाही, टिंब गाळल्याने मात्र बिघडते. 10931.25 मधले टिंब राहून गेले, तर रक्कम दहा लाख त्र्याण्णव हजार एकशे पंचवीस होते. जुन्या पावत्यांवर रुपये आणि पैसे यांच्यामध्ये आडवी रेघ असते, जसे १०,९३१-२५. फॉर्ममध्ये तिच्या जागी टिंब लिहायचे. रकमेपुढचे ‘/-’ हे पैसे नाहीत हे दाखवते. त्याच्या जागी हवे तर .00 लिहा, पण टिंबाशिवाय शून्ये जोडू नका.

तारीख आधी दिवस, मग महिना अशीच ठेवा. ०५/०९/२०२३ म्हणजे ५ सप्टेंबर. सभासद क्रमांकातील सुरुवातीची शून्ये रकमेतल्या शून्यांसारखी निरर्थक नसतात. 00417 आणि 417 हे संगणकाला दोन वेगळे क्रमांक वाटू शकतात.

संगणकावर हिशेब ठेवत असाल तर

तक्त्यात टाकलेले मराठी अंक संगणक अनेकदा संख्या न मानता मजकूर मानतो, आणि मग ते बेरजेत धरले जात नाहीत. याची खूण अशी की मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे. अशा वेळी Find and Replace वापरून ० च्या जागी 0, १ च्या जागी 1 असे दहा वेळा बदला. स्वल्पविराम आणि टिंबाला हात लावू नका.

त्याआधी एक काम करा. सभासद क्रमांक, खाते क्रमांक आणि तारखा यांच्या रकान्यांची मांडणी Text अशी ठेवा. नाहीतर अंक बदलताच 00417 चे 417 होईल, आणि अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक 05/09/2023 ही ९ मे समजेल. रकमेचे रकाने मात्र Text करू नका, त्यांची बेरीज हवी असते.

उलट दिशेने लिहिताना

पतसंस्थेला मराठीत अर्ज करताना हेच नियम उलटे चालतात. तिथे 4 च्या जागी ५ आणि 9 च्या जागी १ लिहिला जाण्याचा धोका असतो. अर्जात रक्कम अंकी लिहिल्यावर अक्षरीही लिहा.

काही गोष्टी मराठी अंकांत उतरवूच नका. पॅन आणि आयएफएससी यांत इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून एकच ओळख बनते, त्यामुळे ते जसेच्या तसे लिहायचे. आयएफएससीतील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, O हे अक्षर नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आणि मूळ पावतीवर पेनाने इंग्रजी अंक लिहू नका. त्यामुळे पावतीत खाडाखोड झाल्यासारखे दिसते. उतरवलेले आकडे झेरॉक्स प्रतीवर किंवा वेगळ्या कागदावर लिहा, आणि काउंटरवर मूळ पावती व तो कागद दोन्ही सोबत दाखवा.