एक पावती, तीन एसएमएस

स्क्रीनच्या मागे : भाग 7

मागच्या भागात आपण निरोपांची रांग पाहिली. पैसे भरणारा सर्व्हर स्वतः एसएमएस पाठवत बसत नाही. तो निरोप रांगेत टाकून मोकळा होतो आणि ‘वर्कर’ नावाचे छोटे प्रोग्राम तो उचलून पाठवतात. या वेळी पाहू या, याच रांगेमुळे एक निरोप तीनदा कसा जातो आणि मग ग्राहकांना माफीचा ईमेल लिहायला बसल्यावर त्यात काय लिहायचं.

उदाहरण रचलेलं आहे, पण असा घोळ या कामातल्या कुणालाही नवा नाही. हाउसिंग सोसायट्यांचा मेंटेनन्स गोळा करणारं एक ॲप आहे. महिन्याच्या 5 तारखेला सकाळी एका सभासदाला ‘3,250 रुपये मिळाले’ असा एसएमएस तीनदा येतो. त्याच्या दृष्टीने हा एसएमएसचा घोळ नसतोच. आपले पावणेदहा हजार गेले, हीच पहिली धास्ती. म्हणून ईमेलचा पहिला खर्डा, ‘काही तांत्रिक अडचणीमुळे काही ग्राहकांना एकाहून अधिक सूचना गेल्या असण्याची शक्यता आहे’, हा सरळ फेकून द्यायचा. पैशांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पण ‘पैसे एकदाच कापले’ असं लिहायचं तर ते आधी तपासायला हवं. तीनदा एसएमएस मिळालेल्या प्रत्येक सभासदाची ॲपमधली नोंद पेमेंट कंपनीच्या हिशोबाशी ताडून पाहायची : एक रक्कम, एक व्यवहार क्रमांक. ही ताडणी होईपर्यंत ईमेल थांबतो. दोन तास उशीर परवडला, चुकीचा दिलासा नाही.

आता कारण. लॉगमध्ये त्या निरोपासमोर तीन वेळा आहेत : 10:04:02, 10:04:32 आणि 10:05:02. बरोबर तीस-तीस सेकंदांचं अंतर. माणसाने बटण तीनदा दाबलं असतं तर अंतर इतकं रेखीव आलं नसतं. हे घड्याळ कुठलं तरी यंत्र लावून बसलंय, हे तिथेच कळतं. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांगेत वर्करने निरोप उचलला की तो पुसला जात नाही, फक्त काही काळ इतरांपासून लपवला जातो. ठरवून बदलला नसेल तर हा काळ 30 सेकंदांचा असतो. तेवढ्यात ‘काम झालं, पुसून टाक’ असं वर्करने कळवलं नाही, तर वर्कर मेला असावा असं धरून रांग निरोप पुन्हा पुढे करते. निरोप हरवू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

पाच तारखेला सगळीकडूनच एसएमएसची गर्दी असते. एसएमएस कंपनीचा सर्व्हर एरवी एका सेकंदात उत्तर देतो, त्या दिवशी त्याला 40 सेकंद लागले. पहिला वर्कर वाट पाहत असतानाच तिसाव्या सेकंदाला रांगेने निरोप दुसऱ्याला दिला. चाळिसाव्या सेकंदाला पहिल्याला उत्तर मिळालं, त्याने ‘पुसून टाक’ म्हटलं, रांगेने ‘ठीक’ म्हटलं, आणि निरोप जागेवरच राहिला. कारण प्रत्येक वेळी निरोप उचलताना नवी पावती-खूण मिळते आणि पुसायला सगळ्यात ताजी खूण लागते. पहिल्याच्या हातातली शिळी झाली होती. मग दुसराही अडकला, निरोप तिसऱ्याकडे गेला. तोवर एसएमएस कंपनीचा सर्व्हर सावरला होता, म्हणून तिसऱ्याचं काम चार सेकंदांत उरकलं आणि निरोप अखेर पुसला गेला. नाहीतर चौथाही गेला असता.

यावर कुणालाही सुचणारा उपाय म्हणजे 30 चे 120 सेकंद करणं. ते करावं, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये. एसएमएस कंपनी कधीतरी 130 सेकंद घेईलच. शिवाय या प्रकारच्या रांगेचं वचनच मुळात ‘किमान एकदा’ पोहोचवण्याचं आहे, ‘एकदाच’ असं ती कधी म्हणालेली नाही. तेव्हा एकदाच पाठवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याने घ्यायची. एसएमएस पाठवण्याआधी वर्कर डेटाबेसमध्ये एक ओळ टाकतो :

```
INSERT INTO sent_notices (payment_id, kind, channel)
VALUES (48213, 'receipt', 'sms')
ON CONFLICT DO NOTHING;
```

या तीन रकान्यांवर मिळून ‘युनिक’ असं बंधन आहे. पहिल्या वर्करला `INSERT 0 1` असं उत्तर मिळतं, म्हणजे ओळ पडली, पाठव. दुसऱ्याला `INSERT 0 0` मिळतं. तो काही न पाठवता निरोप पुसतो आणि पुढे जातो.

यातही एक फट आहे. ओळ पडली आणि पाठवण्याआधीच वर्कर बंद पडला, तर एसएमएस जाणारच नाही. दोनदा जाणं आणि एकदाही न जाणं, यांतलं एक पत्करावं लागतं. पावती ॲपमध्येही दिसते, म्हणून इथे न जाणं पत्करलं. लॉगिनच्या ओटीपीसाठी मी उलट ठरवलं असतं. फट अगदी उघडी राहू नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी एक तपासणी चालते : ओळ आहे पण एसएमएस कंपनीची पोच नाही, अशा नोंदी माणसासमोर येतात.

माफी ईमेलनेच का, एसएमएसने का नाही? ट्रायच्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी डीएलटीवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. माफीचा मसुदा कुणी नोंदवून ठेवलेला नसतो. आणि ज्याला आधीच तीन एसएमएस आलेत, त्याला चौथा कशाला? ईमेल जायचा तो दुरुस्ती चढवल्यानंतरच, त्याच तक्त्यात `kind` च्या जागी `apology` लिहून. माफीच तीनदा पोहोचली तर पुढे बोलायला तोंड राहत नाही. यादी लॉगमधून काढायची. ज्यांना एकच एसएमएस गेला, त्यांना उगाच घाबरवायचं नाही.

विषयाच्या ओळीतच उत्तर : ‘पावतीचा एसएमएस तीनदा गेला, पैसे एकदाच कापले’. मग मजकूर :

‘नमस्कार. 5 तारखेला सकाळी तुम्हाला मेंटेनन्सच्या पावतीचा एसएमएस तीनदा आला. चूक आमची होती, त्याबद्दल माफ करा. तुमचे 3,250 रुपये एकदाच घेतले गेले आहेत. पेमेंट कंपनीच्या नोंदींशी आम्ही ते ताडून पाहिलं आहे.

एसएमएस पाठवणारी यंत्रणा त्या वेळी संथ झाली होती. उत्तर वेळेत न आल्याने आमच्या प्रणालीने निरोप पोहोचला नाही असं समजून तो पुन्हा पाठवला. आता प्रत्येक पावतीची नोंद पाठवण्याआधी होते आणि नोंद असेल तर तोच एसएमएस पुन्हा पाठवला जात नाही.

तुम्हाला काही करायचं नाही. खात्री करायची असल्यास ॲप उघडून ‘व्यवहार’ पाहा. या ईमेलमध्ये मुद्दामच लिंक दिलेली नाही. दोनदा पैसे गेले असं वाटून तुम्ही बँकेत तक्रार केली असेल, तर याच ईमेलला उत्तर द्या.’

शेवटचं वाक्य कुणी गाळायला सांगितलं तर ऐकू नये. बँकेने तक्रार मान्य करून रक्कम परत फिरवली, तर सोसायटीच्या वहीत तो सभासद थकबाकीदार दिसतो आणि पुढच्या बिलात त्याच्यावर व्याज चढतं. ‘असं पुन्हा कधीही होणार नाही’ हे वाक्य मात्र मसुद्यात असेल तर काढावं. नोंद आमच्या दारापर्यंतच पाहते. पुढे एसएमएस कंपनीने किंवा मोबाइल कंपनीने तोच एसएमएस दोनदा टाकला, तर आमच्या तक्त्यात एकच ओळ असेल आणि ग्राहकाच्या फोनवर दोन.

पुढच्या भागात : एसएमएसची ‘पोच’ नेमकी कुणाकडून येते आणि तिच्यावर कितपत विसंबावं.