जिम सोडली, करार सुटला का?

शिरपूरला शिकायला आलेली मुलं परीक्षा आटोपून गावी निघतात, तेव्हा खोलीचं डिपॉझिट आठवणीनं मागून घेतात. जिमची मेंबरशिप आणि मोबाइलवरच्या चित्रपट-मालिकांच्या ॲपची वर्गणी मात्र मागं तशीच चालू राहते. जिमला जाणं बंद केलं किंवा ॲप फोनमधून काढून टाकलं की विषय मिटला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. खातं आणि ऑटोपेची परवानगी दोन्ही जिवंत असतात आणि पुढच्या तारखेला पैसे कापले जातात.

‘ओटीपी आल्याशिवाय पैसे जाणारच नाहीत’ हा त्याचाच जोडगैरसमज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ओटीपी किंवा पिन लागतो तो परवानगी देताना. त्यानंतरचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते न विचारता कापता येतात. किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि तोच संदेश आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात चालू परवानग्यांची यादी दिसते. तिथं परवानगी रद्द करता येते.

पण ऑटोपे रद्द केल्यानं फक्त पैशाची वाट बंद होते, करार संपत नाही. जिमच्या फॉर्मवर ‘सोडण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना’ असं कलम असेल, तर ती दिल्याशिवाय थकबाकी मागायला त्यांना आधार राहतो. म्हणून आधी ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर सोडत असल्याचं कळवायचं, पोच घ्यायची, मग ऑटोपे बंद करायचा. काउंटरवर तोंडी सांगितलेलं पुढं सिद्ध करता येत नाही. व्हिडिओ ॲपमध्ये हे सोपं असतं. नेटफ्लिक्सचंच घ्या: रद्द केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत पाहता येतं, उरलेल्या दिवसांचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.

खरा वाद होतो तो जिमच्या वर्षभराच्या एकरकमी फीवरून. समजा, चोपड्याच्या एका मुलानं १ जुलैला ७,२०० रुपये भरले आणि ३० सप्टेंबरला त्याला शिरपूर सोडावं लागलं. तो हिशेब करतो: महिना ६०० रुपये, तीन महिन्यांचे १,८०० गेले, ५,४०० परत यायला हवेत. फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात मात्र लिहिलेलं असतं की, मध्येच सोडल्यास वापरलेले महिने सुट्या मासिक दरानं धरले जातील आणि एकूण फीच्या १० टक्के प्रक्रिया शुल्क कापलं जाईल. सुटा दर १,००० असेल तर तीन हजार गेले, वर ७२० कापले, हाती ३,४८०. म्हणजे १,९२० रुपयांचा फरक त्या एका वाक्यानं पडला. फॉर्म वाचताना फीच्या आकड्याआधी हे वाक्य शोधा. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करता येते का, काही काळ थांबवता येते का, हेही तिथंच असतं. पुष्कळदा परताव्यापेक्षा तो मार्ग फायद्याचा ठरतो.

फॉर्मवर ‘भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असंच छापलं असेल तर? इथं दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. छापलं म्हणजे संपलं, हे खरं नाही. जिम बंद पडली, दुसरीकडं हलली, ठरलेली वेळ किंवा ट्रेनर मिळेनासा झाला, तर ती सेवेतली त्रुटी आहे. अशी सेवा थांबवून पैसे परत करायला नकार देणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर परताव्याची मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. पण जिम नीट चालू आहे आणि केवळ आपलं गाव बदललं, तर पैसे मिळतीलच अशी हमी कायदा देत नाही. तेव्हा बोलणी करताना आपण कुठल्या बाजूला आहोत हे आधी ओळखावं. ऑनलाइन वर्गणी रद्द करण्याचा मार्ग मुद्दाम लपवला असेल, तर नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई आहे.

‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ या कलमालाही घाबरू नये. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. शिरपूरकरांसाठी तो धुळ्याचा, गावी परतलेल्या चोपड्याच्या मुलासाठी जळगावचा. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथं मिटलं नाही तर e-jagriti.gov.in वर पावती, फॉर्मच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि सोडत असल्याच्या संदेशाची पोच जोडून तक्रार दाखल करता येते. मुदत, वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.