कितव्या घाताला शून्य?

शून्य नसलेली कोणतीही संख्या घ्या आणि तिला तिनेच गुणत राहा. उत्तर कधीही शून्य येणार नाही. मॅट्रिक्सचे तसे नाही. काही मॅट्रिक्स स्वतः शून्य नसतात, पण त्यांचा वर्ग, घन किंवा त्यापुढचा एखादा घात शून्य होतो. अशा मॅट्रिक्सला निलपोटंट म्हणतात. पुष्कळदा मॅट्रिक्स सगळीच्या सगळी अशी नसते, पण तिच्या पोटात तसा एक भाग लपलेला असतो. तो आहे का, केवढा आहे आणि आतून कसा रचलेला आहे, हे तीनही प्रश्न मॅट्रिक्सचे एकामागून एक घात घेऊन नुसत्या मोजणीने सुटतात.

त्यासाठी मॅट्रिक्सकडे आकड्यांचा तक्ता म्हणून न पाहता एक नियम म्हणून पाहू. आत पाच संख्या घालायच्या आणि नियमाने तयार झालेल्या पाच नव्या संख्या बाहेर घ्यायच्या. अशा क्रमाने मांडलेल्या पाच संख्यांना सदिश म्हणायचे. आपल्या उदाहरणातली मॅट्रिक्स A ही आहे:

```
०  १  ०  ०  १
०  ०  १  ०  ०
०  ०  ०  ०  ०
०  ०  १  ०  ०
०  ०  ०  ०  २
```

आत (अ, ब, क, ड, इ) घातले, तर बाहेर (ब+इ, क, ०, क, २इ) येते. आता पहिला प्रश्न: काय आत घातले असता बाहेर सगळी शून्येच येतात? ब+इ, क आणि २इ हे तिन्ही शून्य हवेत. म्हणजे ब, क, इ शून्य. अ आणि ड मात्र काहीही चालतील. शून्यात जाणाऱ्या अशा सर्व सदिशांच्या समूहाला मॅट्रिक्सचे कर्नल म्हणतात. इथे दोन संख्या मोकळ्या राहिल्या, म्हणून कर्नलची मिती २.

नियम दोनदा लावला की (क+२इ, ०, ०, ०, ४इ) मिळते. हे शून्य व्हायला क आणि इ शून्य असले की पुरे. अ, ब, ड मोकळे. म्हणजे A² च्या कर्नलची मिती ३. तिसऱ्यांदा लावल्यावर (४इ, ०, ०, ०, ८इ) उरते आणि अट एकच राहते, इ शून्य. मिती ४. चौथ्यांदा (८इ, ०, ०, ०, १६इ). अट तीच, मिती ४. कर्नलच्या मितींची साखळी अशी झाली: २, ३, ४, ४.

ही साखळी कधी आकसत नाही, हे उघड आहे. एकदा शून्य झालेल्या सदिशाला पुन्हा नियम लावला तरी तो शून्यच राहणार. त्यामुळे प्रत्येक कर्नल पुढच्या कर्नलच्या आत सामावलेले असते. पण चौथ्या पायरीला वाढ थांबली, तशी ती पुढे कधीतरी पुन्हा सुरू होणार नाही कशावरून? समजा, पाच पायऱ्यांनी शून्य होणारा एखादा सदिश आहे. त्याला एकदा नियम लावला की जो सदिश मिळतो, तो उरलेल्या चार पायऱ्यांत शून्य होतो. पण चार पायऱ्यांत शून्य होणारे सगळे तीन पायऱ्यांतच शून्य होतात, हे आपण पाहिले. म्हणजे मूळ सदिशाला चारच पायऱ्या लागल्या. साखळी एकदा थबकली की कायमची थांबते. शिवाय थांबेपर्यंत दर पायरीला मिती किमान एकाने वाढायला हवी आणि एकूण मिती पाचच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून पाच घातांच्या आत निकाल लागतोच.

यातला दुसरा युक्तिवाद मर्यादित मितीवर टेकलेला आहे. बहुपदींचे विकलन हाही असाच एक नियम आहे. एकदा विकलन केले की स्थिर पद शून्य होते, दोनदा केले की पहिल्या घातापर्यंतच्या बहुपदी शून्य होतात, तीनदा केले की दुसऱ्या घातापर्यंतच्या. सगळ्या बहुपदी एकत्र घेतल्या तर घाताला वरची मर्यादाच नाही, त्यामुळे तिथे साखळी दर पायरीला एकाने वाढत राहते आणि कधीच थांबत नाही.

आता साखळीतल्या वाढींकडे पाहू. आपल्या उदाहरणात पहिल्या पायरीला २ मिती आल्या, दुसरीला १ आणि तिसरीला १. ही वाढ कमी होऊ शकते किंवा तेवढीच राहू शकते. ती जास्त कधी होत नाही. समजा, एखाद्या मॅट्रिक्समध्ये तिसऱ्या पायरीला दोन नव्या दिशा आल्या. त्यांना एकदा नियम लावला की त्या दुसऱ्या पायरीच्या कर्नलमध्ये जातात. तिथे त्यांचे कोणतेही मिश्रण पहिल्या कर्नलमध्ये पडू शकत नाही. पडले असते, तर तेच मिश्रण मुळात दोन पायऱ्यांतच शून्य झाले असते आणि तिसऱ्या पायरीला नवे ठरले नसते. म्हणजे दुसऱ्या पायरीलाही किमान दोन नव्या दिशा आलेल्या असणारच.

याच युक्तिवादातून निलपोटंट भागाची रचना हाती येते. वरच्या पायरीवरचा सदिश घ्यायचा आणि नियम लावत त्याला खाली उतरवायचे. आपल्या उदाहरणात (०, ०, १, ०, ०) वर नियम लावला की (०, १, ०, १, ०) मिळतो, मग (१, ०, ०, ०, ०) आणि मग शून्य. ही तीन सदिशांची एक माळ झाली. (०, ०, ०, १, ०) हा मात्र एका फटक्यात शून्य होतो, म्हणून ती एका सदिशाची माळ. निलपोटंट भाग म्हणजे अशा माळांचा संच. प्रत्येक माळेतून प्रत्येक पायरीला, ती माळ संपेपर्यंत, एकेक मिती येते. त्यामुळे तिसऱ्या पायरीची वाढ म्हणजे किमान तीन लांबीच्या माळांची संख्या आणि दोन लागोपाठच्या वाढींमधला फरक म्हणजे नेमक्या त्या लांबीच्या माळांची संख्या. २, १, १ हे आकडे वाचायचे ते असे: एकूण माळा दोन, त्यांतली एकच दोन किंवा अधिक लांबीची आणि तीच तीन लांबीची. उरलेली एक लांबीची. हे सांगायला माळा प्रत्यक्ष शोधाव्या लागल्या नसत्या. मोजणी पुरली असती.

पूर्ण साखळी का मोजायची, पहिले कर्नल आणि शेवटचा घात एवढे पाहून का भागत नाही, असे कुणी विचारेल. सात मितींची दोन उदाहरणे घेऊ. एका मॅट्रिक्समध्ये माळा ३, ३, १ लांबीच्या; दुसरीत ३, २, २ लांबीच्या. दोन्हींच्या कर्नलची मिती ३. दोन्हींचा वर्ग शून्य नाही आणि घन शून्य आहे. एवढ्यावरून त्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. साखळी मोजली की पहिलीची येते ३, ५, ७ आणि दुसरीची ३, ६, ७. सगळा भेद मधल्या एका आकड्यात आहे.

माळांच्या लांबीनुसार मॅट्रिक्स मांडण्याची पद्धत कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितीने १८७० च्या आपल्या ग्रंथात दिली. पायरीगणिक वाढ मोजण्याची दृष्टी एडुआर्ड वेयर या चेक गणितीची. त्याने १८८५ मध्ये ती मांडली आणि वाढींच्या या यादीला आजही त्याचेच नाव आहे. माळांचे ठिपके ओळींत मांडले, तर जॉर्डन ओळी मोजतो आणि वेयर रकाने मोजतो. माहिती दोघांकडे एकच आहे, पण रकाने मोजायला सोपे जातात.

आपल्या उदाहरणात निलपोटंट भागाने पाचपैकी चार मिती घेतल्या. पाचवी कुठे गेली? तीनदा नियम लावल्यावर जे काही बाहेर येते ते सगळे (१, ०, ०, ०, २) च्या पटीत असते. या सदिशाला नियम लावला की (२, ०, ०, ०, ४) मिळतो, म्हणजे त्याचीच दुप्पट. तो कधीच शून्य होणार नाही. कोणताही सदिश या सदिशाच्या पटीत आणि तिसऱ्या कर्नलमधल्या सदिशात एकाच प्रकारे फोडता येतो. दोन्हींत सामाईक असे शून्याखेरीज काही नसते. असते, तर तीन पायऱ्यांनंतरही साखळी वाढली असती. साखळी थांबते त्या जागी मॅट्रिक्सचे असे दोन स्वतंत्र भाग पडतात: एक कालांतराने शून्य होणारा आणि दुसरा नेहमी उलटवता येणारा. इतर आयगेन मूल्यांसाठीही हीच युक्ती चालते. मूल्य २ असेल, तर कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून २ वजा करायचे आणि नव्या मॅट्रिक्सची साखळी मोजायची.

कागदावर हे सगळे चोख आहे. संगणकावर मात्र अडचण येते, कारण कर्नल मोजणे म्हणजे अमुक संख्या शून्य आहे की नाही ते ठरवणे आणि संगणकाच्या आकडेमोडीत सोळाव्या अंकाच्या आसपास चूक राहतेच. आठ लांबीच्या एकाच माळेची मॅट्रिक्स घ्या. कर्णाच्या लगत वर सात वेळा १ आणि बाकी शून्य. तिची साखळी १, २, ३ अशी ८ पर्यंत जाते. आता खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्याऐवजी १०⁻¹⁶ घाला. आठव्या घाताला शून्याऐवजी कर्णावर सगळीकडे १०⁻¹⁶ येते. म्हणून आयगेन मूल्यांचे मान त्याचे आठवे मूळ, म्हणजे ०.०१ होते. नगण्य चुकीमुळे शून्याच्या जागी शतांश आला, आणि काटेकोर अर्थाने कर्नलच उरले नाही. साखळी झाली ०, ०, ०.

म्हणून इथे आयगेन मूल्यांवर विसंबत नाहीत. मॅट्रिक्स वेगवेगळ्या दिशांना किती ताणते त्याची मापे, म्हणजे सिंग्युलर मूल्ये काढतात. वरच्या मॅट्रिक्सची सात मापे १ आहेत आणि आठवे १०⁻¹⁶. मधली दरी इतकी रुंद आहे, की आठवे शून्य मानायला हरकत नाही. पुढचे घातही प्रत्यक्ष काढत नाहीत, कारण गुणाकारागणिक चुका साचतात आणि मापांमधल्या दऱ्या बुजतात. वेरा कुब्लानोव्स्काया या रशियन गणितीने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कर्नल शोधून बाजूला काढायचे, उरलेल्या लहान मॅट्रिक्सचे कर्नल पुन्हा शोधायचे आणि असेच पुढे जायचे. दर वेळी जी मिती हाती लागते ती त्या पायरीची वाढ असते.

तरीही दर पायरीला एक उंबरठा ठरवावाच लागतो: याहून लहान माप म्हणजे शून्य. मापांमध्ये ठळक दरी असेल, तर उंबरठा थोडा वर-खाली केला तरी साखळी बदलत नाही आणि ती विश्वासाने सांगता येते. मापे १, ०.१, ०.०१, ०.००१ अशी हळूहळू उतरत गेली, तर प्रत्येक उंबरठ्याला वेगळी साखळी मिळते. अशा वेळी एवढेच म्हणता येते, की दिलेल्या मॅट्रिक्सच्या इतक्या अंतरावर अमुक साखळीची मॅट्रिक्स आहे. आणि ते अंतर मूळ आकड्यांतल्या चुकीहून मोठे असेल, तर ती साखळी दिलेल्या मॅट्रिक्सची आहे, असा दावा करता येत नाही.