गैरहजर नोडची अमानत

ॲमेझॉनने डायनॅमो या आपल्या डेटा साठवण यंत्रणेची रचना २००७ साली एका शोधनिबंधात मांडली. ग्राहकाने शॉपिंग कार्टमध्ये टाकलेली वस्तू कोणत्याही परिस्थितीत स्वीकारली गेली पाहिजे, ही तिच्यामागची मुख्य गरज होती. त्यासाठी प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे संगणकांवर, ठेवल्या जातात. त्यांपैकी दोघांची पोच आली की लेखन यशस्वी ठरते आणि वाचतानाही दोघांचे उत्तर पुरते. तिघांतल्या कोणत्याही दोन जोड्यांत एक नोड सामाईक असतोच, त्यामुळे वाचणाऱ्याला ताजी नोंद सापडते. `R + W > N` या सूत्राचा अर्थ एवढाच. हा झाला काटेकोर कोरम.

एका कार्टच्या प्रती ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ या नोडवर आहेत आणि ‘अ’, ‘ब’ काही मिनिटे बंद पडले आहेत, असे समजू. काटेकोर कोरमच्या नियमाने लेखन नाकारावे लागेल, कारण पोच द्यायला एकटा ‘क’ उरतो. डायनॅमो मात्र ठरलेल्या क्रमाने पुढचे चालू नोड, ‘ड’ आणि ‘इ’, निवडते आणि त्यांची पोच ग्राह्य धरते. यालाच स्लॉपी कोरम, म्हणजे सैल कोरम म्हणतात.

‘ड’कडे आलेल्या प्रतीसोबत ‘ही नोंद मूळची अ ची’ अशी खूण, म्हणजे हिंट, असते. अशा नोंदी तो आपल्या डेटात न मिसळता वेगळ्या ठेवतो आणि मूळ नोड परतला का, हे अधूनमधून तपासतो. ‘अ’ परतल्यावर नोंद त्याच्याकडे सोपवली जाते. ती नीट पोहोचली, की ‘ड’ आपली प्रत पुसतो. हा हिंटेड हँडऑफ.

या सोयीची किंमत वाचताना मोजावी लागते. ग्राहकाने कार्टमध्ये पुस्तक टाकले, पोच ‘ड’ आणि ‘इ’ने दिली, ‘क’कडे निघालेला संदेश वाटेत अडकला. तेवढ्यात ‘अ’, ‘ब’ परतले आणि हँडऑफ होण्याआधीच वाचनाला त्या दोघांनी उत्तर दिले. लिहिणारी आणि वाचणारी जोडी पूर्ण वेगळी निघाली आणि ग्राहकाला पुस्तकाविना जुने कार्ट दिसले. सूत्र कागदावर पाळले गेले, पण त्यातली हमी उरली नाही. सैल कोरम नोंद कुठेतरी टिकल्याची ग्वाही देतो. ती लगेच दिसेल याची नाही.

हँडऑफलाही मर्यादा आहेत. सोपवण्याआधीच ‘ड’ची डिस्क निकामी झाली, तर त्याच्याकडची अमानत जाते. डायनॅमोच्या कल्पनांवर बेतलेल्या कॅसँड्रात नोड बंद पडल्यापासून हिंट गोळा करण्याची मुदत मूळ सेटिंगनुसार तीन तासांची असते. त्यानंतरची लेखने हिंटमध्ये येत नाहीत. शिवाय तेथे `ANY` ही पातळी सोडल्यास हिंटची गणना पोच म्हणून होत नाही.

म्हणून हिंटेड हँडऑफ अल्पकाळच्या बिघाडापुरताच उपाय आहे. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला, तर प्रती एकमेकींशी ताडून दुरुस्त कराव्या लागतात. कॅसँड्रात हे काम `nodetool repair` ही आज्ञा करते.