माळावरची एक किलोमीटर

क्रॉस-कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माळ, शेतवाट, चढ-उतार अशा उघड्या जमिनीवरची लांब पल्ल्याची धाव. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळला, तो सैन्यदलातल्या क्रॉस-कंट्रीमधूनच. आठवी ते दहावीच्या मुलांना हा प्रकार शिकवायचा तर आठवड्याला दोन तासिका धरून सहा आठवडे पुरतात. धावण्याची ताकद या मुलांमध्ये बहुधा असतेच. शिकायची असते ती जमीन बघून पाऊल टाकण्याची सवय, आणि ती मैदानाच्या सपाट फेऱ्यांनी लागत नाही.

पहिलं काम शिक्षकाचं, ते म्हणजे फेरी आखण्याचं. नवख्या मुलांसाठी एक किलोमीटरची गोल वाट सगळ्यांत सोयीची. ती दोनदा धावली की दोन किलोमीटर होतात, आणि कुठलंही मूल शाळेपासून फार लांब जात नाही. देशावरच्या एखाद्या शाळेमागे गायरान असतं, त्याला लागून टेकाड असतं. अशा जागी फेरीचे चार तुकडे सहज पडतात: सुरुवातीचा ४०० मीटर सपाट माळ, मग १५० मीटरची चढण, टेकाडाच्या माथ्यावरची २०० मीटरची खडकाळ वाट आणि शेवटी परत माळावर आणणारा २५० मीटरचा उतार. अंतर मोजायला यंत्र लागत नाही. सायकलच्या टायरवर खडूची रेघ मारायची, चाक जमिनीवर एकदा पूर्ण फिरवून तेवढं अंतर टेपने मोजायचं आणि सायकल हातात धरून वाटेवरून चालत न्यायची. ते अंतर २.०८ मीटर भरलं, तर एक किलोमीटरला ४८१ फेरे होतात. फेरे मोजायचं काम मुलांनाच द्यावं, कारण त्या निमित्ताने सगळी वाट त्यांच्या पायाखालून सावकाश जाते.

आखताना एक चूक हमखास होते. फेरी जिथे सुरू होते तिथूनच शेताच्या बांधावरची अरुंद पायवाट लागते. चाळीस मुलं एकदम सुटली की त्या तोंडाशी ढकलाढकली होते आणि पहिली पडापड तिथेच होते. म्हणून सुरुवातीला किमान दोनशे मीटर तरी मोकळी, रुंद जागा हवी; तोवर मुलं आपापल्या वेगाने पांगतात. शेवटही उताराच्या पायथ्याशी नको, कारण उतरताना मिळालेला वेग आवरायला पुढे सपाट जागा लागते. उभ्या पिकातून वाट नेऊ नये. पीक काढलेलं रान असलं तरी मालकाला आधी विचारावं.

जमिनीचा पोत ऋतूप्रमाणे बदलतो, आणि फेरी आखणाऱ्याला तो माहीत असावा लागतो. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत पाऊल अडकलं की घोटा पिरगळतो. तेच रान पावसानंतर बुटाला असं चिकटतं की पाय उचलणं जड होतं. कोकणातला जांभ्याचा सडा कोरडा असताना पायाला धरून ठेवतो, पण पावसाळ्यात शेवाळ धरला की त्यावर उभं राहणंही अवघड. मुरमाची जमीन धावायला सगळ्यांत चांगली. तिचा धोका उतारावर असतो. सुटे खडे साचून तिथे घसारा तयार होतो आणि पाय एकदम पुढे सटकतो.

वाट निशाणांनी ठरलेली असली, तरी तिच्या आत कुठून जायचं हे धावणाऱ्यानेच ठरवायचं असतं. शिकवायला हा भाग सगळ्यांत रसाचा. पहिल्या आठवड्यात धावायचंच नाही. मुलांनी जोडीने फेरी चालत पुरी करायची आणि प्रत्येक तुकड्यात कुठे पाऊल टाकावंसं वाटतं ते वहीत उतरवायचं. धावताना नजर कुठे ठेवायची तेही इथेच सांगावं. पायाशी बघत धावलं तर खड्डा दिसतो तेव्हा पाऊल पडून गेलेलं असतं. खडबडीत वाटेवर नजर चार-पाच मीटर पुढे असावी, सपाटीवर त्याहून लांब.

चढणीवर सरळ जावं की तिरकं, हा प्रश्न मुलांना सांगून सुटत नाही, मोजून सुटतो. समजा, टेकाडावर थेट जाणारी वाट ११० मीटरची आहे आणि वळसा घेऊन जाणारी १५० मीटरची. सरळ वाटेने एक मुलगी ५५ सेकंदांत माथ्यावर पोहोचते, वळशाने गेली तर ६३ सेकंद लागतात. घड्याळ इथेच थांबवलं तर सरळ वाट जिंकते. पण ते माथ्यावरचे पुढचे २०० मीटर संपेपर्यंत चालू ठेवावं. उभा चढ चढून आलेल्या पायांना हे २०० मीटर ८० सेकंद घेतात, वळशाने आलेल्यांना ६४. एकूण बेरीज सरळ वाटेची २ मिनिटं १५ सेकंद आणि वळशाची २ मिनिटं ७ सेकंद. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत हिशेब उलटाही निघू शकतो. ज्याच्या पायांत जोर आहे आणि वजन कमी आहे, त्याला सरळ वाट परवडते. म्हणून दोन्ही वाटांची वेळ प्रत्येकाने स्वतःची घ्यावी. एकदा ताज्या पायांनी आणि एकदा एक फेरी झाल्यावर घेतली तर उत्तम, कारण दमलेल्या पायांचं उत्तर पुष्कळदा वेगळं येतं.

वेगाच्या बाबतीत ट्रॅकवरचा नियम इथे चालत नाही. ट्रॅकवर प्रत्येक फेरीला सारखी वेळ येणं चांगलं मानतात. माळावर वेळ सारखी ठेवायची नसते, श्रम सारखे ठेवायचे असतात. दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या वाटेवर तेवढंच अंतर धावायला सपाटीच्या सुमारे दीडपट किंवा त्याहून जास्त शक्ती खर्ची पडते. सपाटीचा वेग तिथे टिकवायला गेलं की दम लागतो, आणि तो दम चढण संपल्यावरही बराच वेळ पुरत नाही. वर जाताना पावलं आखूड करावीत, हात जास्त हलवावेत, वेग पडू द्यावा. उतारावर उलट चूक होते. मूल घाबरून टाच पुढे रोवतं आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लावत उतरतं. याने वेग तर जातोच, शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते बोलायला लागतात. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि चटचट, हात तोलासाठी बाजूला, असं उतरणं आधी गवताळ सौम्य उतारावर शिकवावं. घसाऱ्यावर मात्र वेगाचा विचार सोडून द्यावा.

श्रम मोजायला मुलांकडे सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे त्यांचा श्वास. सोबत्याशी तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता येतं, तो दोन किलोमीटर निभणारा वेग. एकच शब्द बाहेर पडत असेल तर तो शेवटच्या दोन-तीनशे मीटरचा वेग. तो आधी आला असेल तर चूक झाली आहे.

एका मुलाच्या दोन धावा शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसतं. पहिल्या दिवशी तो शिट्टी वाजताच सगळ्यांच्या पुढे सुटला आणि पहिली फेरी ४ मिनिटं ४० सेकंदांत झाली. दुसऱ्या फेरीत चढणीवर त्याला चालावं लागलं, माथ्यावर बरगडीखाली कळ आली, आणि ती फेरी ६ मिनिटं २० सेकंदांवर गेली. एकूण ११ मिनिटं. पुढच्या आठवड्यात त्याला तुकड्यातुकड्याचे आकडे दिले: सपाटीला २ मिनिटं, चढणीला ६३ सेकंद, माथ्याला ६४, उताराला ६८. एक फेरी ५ मिनिटं १५ सेकंदांची. पहिल्या सपाटीवर निम्मी मुलं त्याच्या पुढे होती, आणि शिकणाऱ्याला सगळ्यांत जड जातं ते हेच: इतरांना पुढे जाऊ देणं. दुसरी फेरीही ५ मिनिटं १५ सेकंदांची झाली. एकूण साडेदहा मिनिटं, म्हणजे अर्ध्या मिनिटाची बचत, तीही कमी दमून.

सुरक्षिततेचं काम त्या दिवशीच्या सकाळी सुरू होतं. काल नीट असलेली वाट आज नीट असेलच असं नाही. कोणी काटेरी कुंपण ओढलेलं असतं, ओढ्याला पाणी आलेलं असतं, बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या असतात. शिक्षकाने काठी घेऊन फेरी पुरी चालावी आणि उंच गवतातून काठी फिरवावी. कठडा नसलेली विहीर किंवा झाकण नसलेली बोअर जवळ असेल तर तिथे नुसतं निशाण लावून भागत नाही, फेरीच दूर सरकवावी. आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला जायचंच नाही. माणसं उभी करायची ती उताराच्या तोंडाशी आणि जिथून मुलं नजरेआड होतात त्या वळणावर. सगळ्यांच्या मागे एक मोठा माणूस सायकलवर किंवा पायी असावा, आणि त्याच्या मागे कोणी राहू नये. दम्याच्या मुलाचा पंप वर्गातल्या दप्तरात नको, वाटेवरच्या शिक्षकाच्या खिशात हवा.

ऊन हा सगळ्यांत मोठा धोका. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीला ३८ धावपटू भर उन्हात उतरले आणि १५ जणांनीच धाव पुरी केली. फिनलंडच्या पावो नुर्मीने ती जिंकली, पण त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमध्ये ठेवलाच नाही. शाळेने हे सत्र थंडीत, सकाळच्या पहिल्या तासिकांना ठेवावं. नुसतं दमलेलं मूल खाली बसतं, पण विचारलं की नीट उत्तर देतं. जे मूल अडखळत, झोकांड्या खात धावतं, भलतंच उत्तर देतं किंवा दिशा चुकतं, त्याला उष्माघात होतो आहे असं धरूनच चालावं. त्याला सावलीत न्यावं, अंगभर पाणी ओतावं, वारा घालत राहावं आणि त्याच वेळी १०८ला फोन करावा. गाडीची वाट बघत अंग थंड करणं थांबवू नये.

घोटा मुरगळणं मात्र नित्याचं. मुलाला चार पावलं टाकायला सांगावं. टाकता आली आणि हाडावर दाबलं तर दुखत नसेल, तर गार पाण्याची घडी, पट्टी आणि पाय उंच ठेवून विश्रांती पुरते. पाय टेकवतच नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर एक्स-रे लागतो. साप चावल्याचा संशय असेल तर जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये. त्या पायाची हालचाल थांबवावी आणि चालवत न नेता उचलून थेट दवाखान्यात न्यावं.

सहाव्या आठवड्यात शर्यत होते. सहा-सहा मुलांचे संघ करावेत आणि प्रत्येक संघातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवावेत; ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो संघ जिंकतो. पहिल्या तिघांची नावं बहुधा आधीच माहीत असतात, त्यामुळे निकाल चौथ्यावर ठरतो, आणि विसाव्या-बाविसाव्या जागी धावणाऱ्या मुलालाही पुढच्याला गाठण्याचं कारण मिळतं. शेवटचं मूल आलं की निशाणं काढायच्या आधी यादी घेऊन नावं वाचावीत. सुटताना जितकी मोजली तितकी समोर उभी दिसली, की वाटेवरच्या माणसांना परत बोलवावं.