फोटोतला निकाल, तक्त्यातली क्रमवारी

कबड्डीच्या गटसाखळीचा हाताने लिहिलेला निकालपत्रक मोबाइलवर येतो. त्याचा गुणतक्ता करताना खरी कसोटी लागते ती आकडे वाचण्यात, बेरीज नंतरची. फोटो तिरका असला की १ आणि ९ हमखास एकमेकांसारखे दिसतात.

समजा, अ, ब, क, ड असे चार संघ आहेत आणि सामने सहा. विजयाला २ गुण, बरोबरीला दोघांना १-१. पाच निकाल स्पष्ट आहेत: अ-ब ३२-२८, क-ड २५-२५, अ-क ३०-३४, अ-ड २९-२७, ब-क २६-३१. मात्र ब-ड सामन्यात ड चे ३५ नीट दिसतात आणि ब चे ३१ की ३९, ते कळत नाही. ३१ धरले तर ड जिंकतो, ३९ धरले तर ब.

गुणांची बेरीज इथे उपयोगी पडत नाही. सहा सामन्यांचे १२ गुण दोन्ही वाचनांत जुळतात, गुणफरकांची बेरीजही शून्यच येते. म्हणून नजर मध्यंतराच्या रकान्याकडे न्यावी. तिथे ब चे पहिल्या डावात १७, दुसऱ्यात २२ आहेत. म्हणजे ३९.

| क्रम | संघ | सामने | विजय | गुण |
|---|---|---|---|---|
| १ | क | ३ | २ | ५ |
| २ | अ | ३ | २ | ४ |
| ३ | ब | ३ | १ | २ |
| ४ | ड | ३ | ० | १ |

चुकीच्या वाचनात ड तिसरा आला असता. डावांचे आकडेही पुसट असतील, तर अंदाज न करता ती जागा रिकामी ठेवावी आणि गुणलेखकाला विचारावे.