मुलाखतीआधी प्रोप्रॅनोलॉल: आधी घरी घेऊन पाहा

कळमेश्वरहून नागपूरला तोंडी परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराचे हात थरथरतात, छाती धडधडते, आवाज कापतो. हा ॲड्रेनलिनचा परिणाम. प्रोप्रॅनोलॉलची गोळी हृदयावरचा आणि स्नायूंवरचा हा परिणाम अडवते. मनातली काळजी मात्र ती थेट घालवत नाही, विसरलेलं आठवूनही देत नाही. म्हणून लेखी पेपरापेक्षा भाषणाला आणि मुलाखतीला तिचा उपयोग जास्त.

डॉक्टर सहसा १० ते ४० मिलिग्रॅमची एकच मात्रा देतात, पहिल्यांदा १० किंवा २०. मुलाखत अकराला असेल तर गोळी दहाच्या सुमारास. असर काही तास टिकतो. धडधड थांबली नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये.

परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच घेणं ही मोठी चूक. आठवडाभर आधी, सुट्टीच्या दिवशी, घरात कुणी असताना ठरलेली मात्रा घ्या. गोळीआधी आणि तासाभराने पूर्ण मिनिटभर नाडी मोजा, मग उभं राहून भाषण म्हणा. उठताना चक्कर आली, खूप थकवा वाटला किंवा नाडी पन्नासच्या खाली गेली, तर ती पुन्हा न घेता डॉक्टरांना सांगा. श्वासाला घरघर लागली तर लगेच दवाखाना गाठा.

दमा असलेल्यांनी ही गोळी घेऊच नये, लहानपणी दमा होता त्यांनीही डॉक्टरांना तसं सांगावं. मुळात मंद नाडी, हार्ट ब्लॉक, कमी रक्तदाब असणाऱ्यांनाही ती वर्ज्य. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ती झाकते, फक्त घाम सुटतो. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर तेही आधी सांगा. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.